हलत्या काट्यावर वजन

“हलत्या काट्यावर वजन सांगू नये,” असं तोळा नेहमी म्हणायचा. गिऱ्हाईक घाईत असलं, पारडं अजून वरखाली झुलत असलं आणि कुणी पुढे वाकून आकडा विचारला, की तो हात आडवा धरायचा आणि हे वाक्य बोलायचा. आवाज चढवून नाही, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. मग तो स्वतःही काट्याकडे बघायचा नाही. रस्त्याकडे बघत मनात वीसपर्यंत मोजायचा आणि मगच मान वळवायचा. काट्याकडे टक लावली की आपलाच श्वास पारड्याला लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

तोळा हे त्याचं टोपणनाव. मुळात तब्येत तोळामासा, त्यात काटेदुरुस्तीचा पिढीजात धंदा, मग बाजाराने दुसरं नाव कशाला शोधावं. त्याचे वडील, थोरला भाऊ आणि तो, तिघे मिळून पंचक्रोशीतले तराजू सांभाळायचे. धान्याच्या आडतीवरचे मोठे काटे, सोनाराच्या काचेच्या पेटीतले नाजूक काटे, दवाखान्यातले माणसांचं वजन करायचे काटे. थोरला फिरतीवर असायचा, बोलका, हसरा, चार माणसांत पाचवा विनोद करणारा. वडील सकाळी दुकानात बसायचे आणि दुपारी घरी जाऊन आडवे व्हायचे. खरं बारीक काम तोळ्याचं. तराजूची दांडी ज्या पोलादी धारेवर टेकते ती धार बोथट झाली की सगळंच खोटं बोलायला लागतं. ती धार घासून पुन्हा जागी बसवायची तर हात थरथरता कामा नये. त्याचा हात कधी थरथरला नाही. म्हणून पुढे जे झालं, त्याचा त्याला स्वतःलाच अर्थ लागेना.

त्याचं लग्न झालं तेव्हा घरात माणसं नऊ झाली आणि खोल्या होत्या दोन, शिवाय एक स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत आईवडील आणि थोरल्याची दोन मुलं झोपायची. स्वयंपाकघरात, भांडी आवरून झाली की, थोरला आणि वहिनी अंथरूण टाकायचे. मधली खोली आत्याची. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, तरुणपणीच सासरहून परत आलेली. तिला दमा होता आणि झोप नव्हती. याच मधल्या खोलीत एक लोखंडी कपाट आडवं सरकवून दोन भाग केले होते. कपाटाची आरशाची बाजू आत्याकडे, पत्र्याची उघडी पाठ नव्या जोडप्याकडे. उरलेल्या जागेवर पडदा. मागच्या अंगणातल्या मोरीकडे जायची वाट त्या पडद्याला घासून जायची.

जागा आखूड नव्हती. दोन माणसं सरळ झोपू शकत होती. पण कपाटाच्या पत्र्याला कोपर लागलं तरी ढोल वाजल्यासारखा आवाज व्हायचा, आणि पलीकडून आत्या विचारायची, “काय पडलं रे?”

पहिल्या रात्री तो थकला होता. चार दिवसांची धावपळ, पाहुणे, उभ्याने केलेलं जेवण. बायको नवी, अंधार नवा. तो तिच्याजवळ गेला, आणि त्याच वेळी आत्याला उबळ आली. ती उठून बसली, पाणी प्याली, तांब्या जमिनीवर ठेवला. हा सगळा आवाज त्याने कान टवकारून ऐकला. मग वडील मोरीकडे गेले. चपलांचा आवाज पडद्याशी आला, क्षणभर मंदावला, पुढे गेला, आणि तेवढाच परत आला. त्यानंतर त्याला ताठरता आली नाही. त्याने बायकोला म्हटलं, दमलोय. तीही म्हणाली, मीसुद्धा. दोघं पाठीला पाठ लावून झोपले. एवढंच झालं. कुणाच्याही बाबतीत होतं.

पण दुसऱ्या रात्री तो जवळ गेला ते बायकोसाठी नाही, काल झालं ते आज होतंय का हे बघण्यासाठी. तिथे सगळं बिघडलं. तिचा हात खांद्यावर होता आणि याचं लक्ष स्वतःच्या कमरेखाली. उभारी येते आहे का, आली तर टिकते आहे का, कमी तर होत नाही ना. किंचित यायची, त्याला वाटायचं आता घाई केली पाहिजे, आणि घाई म्हणताच जायची. छाती धडधडायची, तळहात गार पडायचे. तो अंथरुणात नसायचाच. तो कुठेतरी वर, कपाटाच्या माथ्यावर बसून खाली बघत असायचा. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना काट्याकडे बघू नका म्हणून सांगितलं, तो रात्रीमागून रात्री एकाच काट्याकडे टक लावून होता. आणि त्याला ते कळत नव्हतं. आपलं वाक्य आपल्याला कधी ऐकू येत नाही.

नवल याचं की पहाटे सगळं नीट असायचं. झोपेतून जाग यायची ती शरीर जागं असतानाच. तो हरखायचा, बायकोला हलवायचा. ती डोळे चोळत वळेपर्यंत बाहेर बादली वाजायची, वडील खाकरायचे, पुतणे मोरीपुढे रांग लावायचे, आणि त्याचं शरीर एखाद्या चोरासारखं मागच्या मागे पसार व्हायचं. “काय झालं?” बायको विचारायची. “काही नाही, उजाडलं,” तो म्हणायचा.

आवाजाचा बंदोबस्त करावा म्हणून त्याने एक दिवस कपाटाच्या पाठीला जुनी पोती चिकटवली. दुकानात काटे ठेवायला तशीच पोती अंथरत असत. सगळ्या घराने ते पाहिलं. आत्या म्हणाली, कपाटाला काय थंडी वाजते का. थोरला जेवताना म्हणाला, “अगं आत्या, तोळ्याचा माल नाजूक आहे. गादी लागते.” आई हसली, वडील ताटात बघत हसले. वहिनी तेवढी हसली नाही. ती उठून पाणी आणायला गेली. तोळ्याची बायको मान खाली घालून भाकरीचा एकच तुकडा बराच वेळ मोडत राहिली.

ती पोरगी खरं तर हसरी होती. लग्नाआधी कपड्यांना काज करायचं काम करायची. बोटांत सफाई होती आणि जिभेला बारीक धार. पण चार महिन्यांत ती धार मोडली. बाजारात, नळावर, पायरीवर सगळीकडून एकच प्रश्न यायचा. आधी हसत, मग डोळे बारीक करून. उत्तर तिने द्यायचं होतं. त्याला कुणी विचारत नव्हतं. बाप्याला असं विचारत नाहीत.

थोरल्याचं मन वाईट नव्हतं. त्याच्या डोक्यात एक युक्ती आली. रविवारी दुपारी सगळ्यांनी एका नातलगाकडे जायचं, धाकट्या दोघांनी घरी थांबायचं. त्याने आईला पटवलं, आत्याला तर जवळजवळ उचलूनच नेलं. निघताना तोळ्याच्या पाठीवर थाप मारली. “तीन तास. बाहेरून कुलूप लावून जातो, म्हणजे कुणी दारच वाजवणार नाही. मर्दासारखा वाग.” आणि खरोखरच बाहेरून कुलूप लावलं. किल्ली फिरल्याचा आवाज दोघांनी आत उभं राहून ऐकला.

तोळ्याने तयारी केली होती. बाजारात पोत्यांचा धंदा करणारा त्याचा एक सोबती होता. त्याच्याकडून त्याने न विचारता, न सांगता, नुसती हाताची खूण करून एक गोळी घेतली होती. भरपेट जेवणानंतर ती गिळली आणि तो घड्याळाकडे बघत बसला. अर्ध्या तासाने कान तापले. चेहरा लालबुंद झाला, नाक चोंदलं, कपाळात ठणका सुरू झाला. प्रत्येक गोष्टीवर त्याला वाटलं, आता गोळी लागू होतेय. तो बायकोजवळ गेला. खिडक्या बंद, कारण बाहेरून कुलूप आणि आत माणसं, हे शेजाऱ्यांना कळायला नको. खोकायचं नाही, हसायचं नाही. घर रिकामं होतं आणि तरी कधी नव्हे इतकं भरलेलं होतं. नातलगाकडे बसलेली सात माणसं या वेळी कशाचा विचार करत असतील ते त्याला भिंतीआडून दिसत होतं.

काहीच झालं नाही.

सव्वा तासाने ती उठून बसली, अंगावरची चादर नीट केली आणि भिंतीकडे बघत विचारलं, “मी आवडत नाही का तुम्हाला?”

त्याला सांगायचं होतं की तू आवडतेस म्हणून तर इतकी भीती वाटते. तो म्हणाला, “डोकं दुखतंय.” ते खरंही होतं. मग दोघं शेजारी शेजारी पाय लांब करून, कुलूप उघडायची वाट बघत बसले. तुरुंगातल्या दोन कैद्यांना निदान एकमेकांचा गुन्हा ठाऊक असतो.

संध्याकाळी सगळे परतले. थोरल्याने भुवया उडवून विचारलं. तोळा हसला. ते हसणं त्याला पुढे फार महाग पडलं, कारण आत्याने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून तिने बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली.

गावाच्या टोकाला एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यातला काटा दर सहा महिन्यांनी तोळाच तपासायचा. या वेळी तो दोन महिने आधीच गेला. काटा ठीक होता. त्याने उगाच पट्टी काढली, पुसली, परत बसवली. वजनं ठेवून पाहिली, काढली, पुन्हा ठेवली. शेवटचा पेशंट गेला तरी तो जाईना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “तुला काही सांगायचं आहे का?”

अडचण अशी होती की डॉक्टरांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याने थोडंच. तोळा पुटपुटला. “काय?” त्याने पुन्हा सांगितलं. “मोठ्याने बोल बाबा, जमत नाही म्हणजे काय जमत नाही?” पडद्यापलीकडे नर्स खोके आवरत होती. तोळ्याने खिशातलं पावतीपुस्तक काढलं आणि एका पावतीच्या पाठीमागे पेन्सिलने लिहिलं: लग्नाला चार महिने. बायकोजवळ जमत नाही. ताठरता येते आणि जाते. पहाटे नीट असतं.

डॉक्टरांनी वाचलं. हसले नाहीत, चेहरा गंभीरही केला नाही. नर्सला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. “हे तू लिहिलंस ते बरं केलंस. यातच अर्धं उत्तर आहे.” त्यांनी रक्तदाब पाहिला, बोट टोचून साखर पाहिली, तपासलं. विडी, दारू, कुठली औषधं, एकटा असताना कसं असतं, हेही विचारलं. एकटा असताना ठीक असतं, असं तो म्हणाला, तेव्हा त्याचे कान पुन्हा त्या रविवारसारखे तापले होते.

“यंत्र शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. माणूस घाबरला की शरीराला वाटतं पळायचं किंवा लढायचं आहे. काळजाचे ठोके वाढतात आणि रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे धावतं. त्या भीतीच्या रसायनाने त्या अवयवातल्या शिरा आवळतात आणि तिथे रक्त साठत नाही. कुत्रा मागे लागलेल्या माणसाला ताठरता येत नाही, आणि ते बरंच आहे. तुझ्या मागे कुत्रा नाही, परीक्षा आहे. एकदा नापास झालास, आता दर वेळी निकाल बघायला जातोस. जितका बघशील तितकी भीती, जितकी भीती तितकं कमी रक्त. हे पुष्कळांना होतं, नव्या लग्नात तर फारच. सांगत कुणी नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच.

गोळीचं ऐकल्यावर मात्र ते रागावले. “ती गोळी रक्ताला वाट मोकळी करते, पण मनात ओढ असेल तेव्हाच. जीव मुठीत धरलेल्या माणसाला ती काय करणार? आणि काळजाची काही औषधं चालू असताना घेतली तर माणूस जातो. गरज पडली तर मी देईन, मोजून. पोतीवाल्याकडून घ्यायची नाही.”

मग त्यांनी उपाय सांगितला, आणि तो ऐकून तोळ्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तीन आठवडे संबंध ठेवायचाच नाही. बंदी. पहिल्या आठवड्यात नुसता हात, पाठ, केस. एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने काय बरं वाटतं ते सांगायचं, मग आलटून पालटून. पुढच्या आठवड्यात सगळं अंग, तरी संबंध नाही. ताठरता आली तर येऊ द्यायची, गेली तर जाऊ द्यायची. तिच्या मागे धावायचं नाही. गेलेली परत येते, हे एकदा शरीराने पाहिलं की भीती निम्मी होते.

“बायकोला सांगितलंस हे सगळं?”

तोळ्याने मान हलवली.

“नाही? मग अर्धं औषध तिच्याकडेच पडून आहे. जा, आण.”

निघताना डॉक्टरांनी जागेचं विचारलं. दाराला कडी आहे का? तोळा म्हणाला, दार नाही, पडदा आहे. डॉक्टरांच्या कपाटात त्यावर औषध नव्हतं.

जागा बायकोनेच शोधली. आधी तो सगळं बोलला तेव्हा ती चिडली. “चार महिने मी आरशात माझ्याच तोंडाला दोष देत होते,” ती म्हणाली, “आणि तुम्ही त्या पोतीवाल्याला खुणेने सांगितलंत.” दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. वडील घरी आडवे झालेले, थोरला फिरतीवर. तिने शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि उरलेलं त्याने ओढलं.

दुकानाच्या मागच्या भागात दुरुस्तीचे तराजू टांगलेले असायचे. मध्ये पोत्यांचा ढीग. छपराच्या एका फटीतून उन्हाची पट्टी यायची आणि पितळी पारड्यांवरून हळूहळू सरकत जायची. तिथे बसून पहिल्या दिवशी तिने फक्त त्याचा तळहात आपल्या मांडीवर घेतला आणि काज शिवताना कापड चाचपावं तशी बोटांनी चाचपत राहिली. “इथे घट्टे आहेत,” ती म्हणाली. “इथे जळल्याचा डाग.” त्याने डोळे मिटले. बंदी होती, म्हणून परीक्षा नव्हती. परीक्षा नव्हती, म्हणून तो कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या अंगात होता.

असे तेरा-चौदा दिवस गेले. ती बोलायला लागली, तिच्या जिभेची धार परत आली. डॉक्टरांच्या बंदीचं तिला भारी हसू यायचं. “आपल्याला काही करायचं नाही हे सांगायला पण डॉक्टर लागला,” ती म्हणायची. एका दुपारी, तिची बोटं त्याच्या पाठीवर असताना, त्याचं शरीर आपसूक जागं झालं. तो दचकला, श्वास रोखला. ती त्याच्या कानाशी म्हणाली, “तुमचंच वाक्य. बघू नका तिकडे.” त्याने उन्हाच्या पट्टीकडे पाहिलं. ताठरता गेली. तो गप्प पडून राहिला, धावला नाही. आणि थोड्या वेळाने ती परत आली, कुणी बोलावलं नसताना, ओळखीच्या माणसासारखी. दोघंही हसले. टांगलेलं एक पारडं त्यांच्या हसण्याने हललं.

अजून एक आठवडा मिळाला असता.

वजनमापांवर शिक्का मारणारा अधिकारी महिन्याच्या शेवटी यायचा. या वेळी तो आठ दिवस आधी आला आणि सरळ घरी गेला. वडील झोपेतून उठले, नुकताच परतलेला थोरला बरोबर होता. तिघे दुकानाशी आले तर भरदुपारी शटर बंद. वडिलांनी हाताने बडवलं. आत तराजूंवर तराजू आदळले. तोळ्याने शटर वर केलं तेव्हा त्याच्या सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती आणि बायको केस बांधत होती.

वडिलांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. अधिकाऱ्याने वहीत डोकं घातलं. थोरल्याला शांतता सहन व्हायची नाही, तो म्हणाला, “दुकानात जादा पाळी चालू आहे वाटतं.” अधिकारी हसला. ते हसणं तोळ्याच्या कानात शिशासारखं उतरलं. त्या दिवशी शिक्क्यासाठी काटे मांडताना लहान वजन त्याच्या हातून दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा थोरला आणू लागला. घरात आत्या बोलली आणि आई ऐकत राहिली. घर असताना दुकानात, तेही दिवसाढवळ्या, आणि एवढं करून पाचव्या महिन्यातही पोरीची कूस हलली नाही. म्हणजे दोष कुठे आहे ते उघड आहे. कपाटामागची जागा पुन्हा पहिल्यासारखी झाली. तोळा आडवा झाला की त्याला शटर बडवल्याचा आवाज यायचा, आणि आता त्याची पहाटही त्या आवाजानेच व्हायची. डॉक्टर म्हणाले होते मागे-पुढे होईल, घाबरू नकोस. पण मागे जाताना कुणी मोजत नाही की किती पावलं पुढे आलो होतो.

मग एका सकाळी ते ठरलं. चहाचे पेले समोर होते, सगळे होते. आत्या म्हणाली, हिला माहेरी पाठवा, हिच्या आईने नीट बायकांच्या डॉक्टरला दाखवून आणावं. दुरुस्त झाली की यावं. दुरुस्त हाच शब्द ती बोलली. तराजूवाल्यांचं घर ते. आईने मान डोलावली. वडील म्हणाले, दोन महिने राहून येऊ दे.

तोळ्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, मान खाली घातली नाही. ती वाट बघत होती. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही असेल, पण त्याने पेल्याच्या काठावरची एक भेग नखाने खरवडायला घेतली आणि खरवडतच राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही, वीसपर्यंत मोजून झालं असेल. मग तिने मान वळवली.

दुपारी ती एक पिशवी आणि शिवणाचा डबा घेऊन निघाली. तो बस थांब्यापर्यंत गेला. तिथे ती म्हणाली, “तुमचं शरीर ऐकत नाही त्याचा मला राग नव्हता. तोंडाला काय झालं होतं?” बस आली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या रात्री कपाटामागे भरपूर जागा होती. आत्याला शांत झोप लागली. तोळा पहाटेपर्यंत पत्र्याला चिकटवलेल्या पोत्यांचे दोरे उपसत राहिला.

सकाळी सगळे चहाला बसले तेव्हा तो उभाच राहिला. म्हणाला, “तिच्यात काही नाही. आमचा संबंध अजून झालेलाच नाही. मला जमत नाही. डॉक्टरांनी तपासलं आहे, शरीर ठीक आहे, भीतीने होतं. दुकानात आम्ही तेच औषध घेत होतो.”

आईने पोरांना बाहेर हाकललं. आत्या म्हणाली, “असं चारचौघांत बोलतात का रे? लाज आहे का काही?”

“एकट्याने बोलायला या घरात जागा कुठे आहे, आत्या?” तो म्हणाला.

थोरल्याने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. आणि वहिनी, जी दहा वर्षांत या घरात चढ्या आवाजात बोलली नव्हती, ती चुलीपुढून न वळता म्हणाली, “तुम्ही हसू नका. त्याच कपाटामागे आपले अकरा महिने गेले. मलाही माहेरी धाडलं होतं.”

थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून हसू गेलं आणि त्याखाली तोळ्याने कधी न पाहिलेला एक माणूस निघाला, दमलेला, दहा वर्षं मोठ्याने बोलून बोलून दमलेला. तोळा त्याच्याकडे बघत राहिला. एवढंच विचारावंसं वाटलं, की मला का नाही सांगितलंस. विचारलं नाही. स्वतः त्याने तरी कुणाला सांगितलं होतं.

वडील पेला खाली ठेवून म्हणाले की झालं ते झालं, तिला परत आण, कपाट थोडं सरकवू. तोळ्याने मान हलवली. कपाट सरकवून भागणार नव्हतं. बायकोच्या माहेराजवळच्या बाजारात एका बियाणेवाल्याच्या गोदामावर खोली होती. त्याचे काटे सांभाळायचे आणि तिथे राहायचं, असं त्याने, दुकानातल्या दुपारी बंद झाल्या तेव्हाच, विचारून ठेवलं होतं. खोलीला दार होतं, आणि कडी आतून. ती येईल का, ते त्याला ठाऊक नव्हतं. पेल्याची भेग खरवडणाऱ्या माणसाकडे बाईने का परत यावं?

“घर सोडून गेलास तर लोक काय म्हणतील?” आई म्हणाली.

“म्हणतीलच,” तो म्हणाला. “हलत्या काट्यावर सांगतील.”

त्याने हत्यारांची पेटी घेतली. कानस, चिमटा, धार घासायचा दगड, फडक्यात गुंडाळलेली वजनं. दुकानावरून जाताना किल्ली ठेवायला तो थांबला. थोरला त्याच्या आधीच, दुसऱ्या वाटेने, तिथे पोचला होता. शटर अर्धं वर करून आत उभा होता. तोळ्याने किल्ली गल्ल्यावर ठेवली, पेटी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि बस थांब्याच्या रस्त्याला लागला. पेटीच्या ओझ्याने तो एका बाजूला कलून चालत होता.

थोरला शटराखालून वाकून बाहेर आला आणि बघत राहिला. वळणापर्यंत तोळा दिसत होता. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, काटा झाला का म्हणून विचारू लागलं, तरी थोरल्याने मान वळवली नाही.